खोलीचे घनफळ आणि एक्झॉस्ट फॅनचे माप

एक्झॉस्ट फॅन दुकानात इंचांवर विकला जातो. सहा इंची, आठ इंची, दहा इंची अशी मागणी होते आणि बहुतेक वेळा खिडकीच्या काचेत किंवा भिंतीत आधीच असलेल्या भोकावरून ती ठरते. हे इंच म्हणजे पाती फिरताना जे वर्तुळ तयार होते त्याचा व्यास. त्याला स्वीप म्हणतात आणि खोक्यावर तो मिलिमीटरमध्ये छापलेला असतो: १५०, २००, २५०, ३००. पंखा तासाला किती हवा बाहेर टाकतो, हे मात्र स्वीपवरून नक्की कळत नाही. एकाच स्वीपचे दोन पंखे घेतले, एकाची मोटर मिनिटाला ९०० फेरे घेणारी आणि दुसऱ्याची १,४०० फेरे घेणारी असली, तर दोघांच्या कामात मोठा फरक पडतो. पात्यांची संख्या, त्यांचा तिरकसपणा आणि चौकटीची घडण यांनीही फरक पडतो. म्हणून पंखा निवडताना आधी इंच न बघता खोलीला तासाला किती हवा बदलून हवी आहे हे काढावे लागते. ते काढण्याची सर्वांत जुनी आणि सोपी रीत खोलीच्या घनफळावरून जाते.

हिशोबाची रीत

या रीतीत दोनच आकडे लागतात. पहिला म्हणजे खोलीत मावणारी हवा, अर्थात लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार. दुसरा म्हणजे त्या खोलीची हवा तासातून किती वेळा बदलायला हवी, म्हणजेच तासाचे हवाबदल. दोहोंचा गुणाकार केला की तासाला किती हवा बाहेर काढायची ते मिळते.

हवेचा प्रवाह = खोलीचे घनफळ × तासाचे हवाबदल

घनफळ घनमीटरमध्ये असेल तर उत्तर घनमीटर प्रति तास असे येते. भारतातले बहुतेक उत्पादक पंख्याची क्षमता याच एककात छापतात. घरे मात्र अजून फुटांत मोजली जातात. घनफुटांतला गुणाकार ६०ने भागला तर उत्तर घनफूट प्रति मिनिट, म्हणजे सीएफएममध्ये मिळते. एक सीएफएम म्हणजे तासाला सुमारे १.७ घनमीटर. हा १.७चा आकडा लक्षात ठेवावा लागतो, कारण एका पंख्यावर सीएफएम आणि शेजारच्या पंख्यावर घनमीटर प्रति तास छापलेले असते. दोन्हींवर ३०० हाच आकडा दिसला तर पहिला तासाला ५१० घनमीटर हवा काढणारा असतो आणि दुसरा ३०० घनमीटर. क्षमता प्रति मिनिट घनमीटरमध्ये दिली असेल, तर तिला ६०ने गुणायचे.

हवाबदलांचा आकडा खोलीच्या वापरावर ठरतो. झोपण्याच्या खोलीला तासाला दोन ते चार हवाबदल पुरे मानतात. बाथरूमला सहा ते दहा आणि शौचालयाला सहा ते पंधरा धरतात. घरातल्या स्वयंपाकघराला साधारण पंधरा ते वीस धरण्याची पद्धत आहे. उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत हा आकडा वीसपासून साठपर्यंत जातो. हे आकडे अनुभवातून आले आहेत. वास, वाफ, धूर आणि उष्णता खोलीत जितकी जास्त तयार होते, तितका आकडा वर जातो.

एक हवाबदल म्हणजे काय

तासाला पंधरा हवाबदल म्हणजे दर चार मिनिटांनी खोलीतली सगळी जुनी हवा जाऊन सगळी नवी येते, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. दरवाजाच्या फटीतून आत आलेली हवा जुन्या हवेला सरळ पुढे ढकलत नाही, तर तिच्यात मिसळते. त्यामुळे पंख्यातून बाहेर पडते ती जुन्या आणि नव्या हवेची मिसळ. गढूळ पाण्याने भरलेल्या पिंपात वरून स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि खालच्या तोटीतून तेवढेच पाणी जाऊ द्यावे, तसेच हे आहे. पिंपाएवढे पाणी वाहून गेल्यावरही आतले पाणी निवळलेले नसते.

हवा चांगली मिसळते असे धरले तर गणित असे बसते. स्वयंपाक थांबल्यानंतर एका हवाबदलाइतकी हवा बाहेर गेली, तरी आधीच्या धुरातला किंवा वासातला ३७ टक्के भाग खोलीत उरतो. दोन हवाबदलांनंतर सुमारे १४ टक्के आणि तीन हवाबदलांनंतर ५ टक्के उरतो. म्हणजे तासाला पंधरा हवाबदल करणारा पंखा चार मिनिटांत धूर सुमारे तिसऱ्या हिश्शावर आणतो आणि बारा मिनिटांत जवळजवळ संपवतो. तासाला आठ हवाबदल असतील तर तेवढ्यासाठी साधारण बावीस मिनिटे लागतात.

पंखा किती वेळ चालू ठेवायचा हेही यातूनच ठरते. अंघोळ करून बाहेर येताना दिव्यासोबत पंख्याचेही बटण बंद केले, तर सगळी वाफ आतच राहते. बाथरूमचा पंखा त्यानंतरही वीस-पंचवीस मिनिटे चालायला हवा. ओल्या लादीवरून आणि भिंतींवरून पाण्याची वाफ होतच राहते, म्हणून प्रत्यक्षात गणितापेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो.

एका स्वयंपाकघराचा हिशोब

दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि नऊ फूट उंच असे स्वयंपाकघर घेऊ. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे माप नेहमी आढळते. ओटा लांब भिंतीला आहे, खिडकी ओट्याच्या वर आहे आणि दरवाजा समोरच्या भिंतीत हॉलकडे उघडतो.

उंची लादीपासून स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत धरायची. फॉल्स सीलिंग असेल तर तिथपर्यंतच, कारण त्यावरची हवा खोलीच्या हवेत मिसळत नाही. दहा, आठ आणि नऊ यांचा गुणाकार ७२० घनफूट होतो, म्हणजे सुमारे २०.४ घनमीटर. माळा आणि कपाटे यांनी अडवलेली जागा यातून वजा करता येते. आठ फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच माळा ३२ घनफुटांचा भरतो, म्हणजे एकूण घनफळाच्या जेमतेम साडेचार टक्के. इतक्या फरकासाठी हिशोब वाढवण्याची गरज नसते. न वजा केल्याने पंखा किंचित मोठा निघतो आणि ते चालते.

पंधरा हवाबदल धरले तर तासाला ३०६ घनमीटर हवा काढायला हवी. वीस धरले तर ४०८ घनमीटर. सीएफएममध्ये हेच आकडे १८० आणि २४० होतात. रोज तळण आणि फोडणी असणाऱ्या घरात वरच्या आकड्याकडे झुकावे, नुसता चहा आणि हलका स्वयंपाक होणाऱ्या घरात खालचा आकडा पुरतो.

इतके झाल्यावर सरळ दुकानात जाऊन ३०६ घनमीटरचा पंखा घेतला तर तो कमी पडतो. खोक्यावरची क्षमता मोकळ्या हवेतली असते. पंख्याच्या पुढे आणि मागे काहीच अडथळा नसताना तो जितकी हवा ढकलतो, तो हा आकडा. घरात बसवल्यावर मात्र त्याच्या बाहेरच्या बाजूला झडपा येतात, पक्षी आत येऊ नयेत म्हणून जाळी येते, भिंतीची जाडी येते. काही महिन्यांत पात्यांवर आणि जाळीवर तेलकट चिकटा बसतो. पंखा काचेत बसवला असेल आणि बाहेर फक्त झडप असेल, तर छापील क्षमतेचा पाव भाग तरी गेला असे धरणे शहाणपणाचे ठरते. म्हणून हवा असलेला प्रवाह ०.७५ने भागायचा. ३०६चे ४०८ होतात आणि ४०८चे ५४४. म्हणजे खोक्यावर साधारण ४१० ते ५४५ घनमीटर प्रति तास लिहिलेला पंखा हवा.

आता इंचांकडे वळता येते. बाजारातल्या घरगुती पंख्यांत १५० मिलिमीटर स्वीपचे पंखे तासाला साधारण अडीचशे घनमीटरच्या आसपास असतात, तर २०० मिलिमीटरचे चारशे ते साडेपाचशे घनमीटरपर्यंत. २५० मिलिमीटरचे सातशेच्या पुढे जातात. मॉडेलनुसार हे आकडे बदलतात, त्यामुळे खोके वाचल्याखेरीज निवड होत नाही. पण या स्वयंपाकघरात सहा इंची पंखा चालणार नाही आणि आठ इंची बहुधा पुरेल, एवढे स्पष्ट होते.

छापील क्षमता ५०० घनमीटर असलेला आठ इंची पंखा निवडला, तर हिशोब उलटा करून पाहता येतो. पाव भाग वजा केल्यावर ३७५ घनमीटर उरतात. त्यांना २०.४ने भागले की तासाला १८ हवाबदल मिळतात. ठरवलेल्या पंधरा ते वीसच्या मधोमध हे उत्तर बसते. तीन हवाबदलांना सुमारे दहा मिनिटे लागतात, म्हणून फोडणीचा धूर शेगडी बंद झाल्यावर दहा मिनिटांत जवळजवळ नाहीसा व्हायला हवा.

बाहेर जाईल तेवढी आत यायला हवी

पंखा हवा तयार करत नाही, फक्त पुढे ढकलतो. तासाला ३७५ घनमीटर हवा खोलीबाहेर जायची असेल तर तेवढीच आत यायला वाट हवी. वाट नसेल तर पंखा फिरतो, आवाज करतो, वीज खातो आणि हवा जवळजवळ हलत नाही. बसवलेल्या पंख्यांबद्दलच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच असते.

स्वयंपाकघराचा दरवाजा सहसा उघडा असतो, म्हणून तिथे अडचण कमी येते. बाथरूममध्ये ती हमखास येते. पाच बाय सात फुटांचे, आठ फुटांवर फॉल्स सीलिंग असलेले बाथरूम घेतले तर घनफळ २८० घनफूट, म्हणजे ७.९ घनमीटर होते. तासाला दहा हवाबदलांसाठी ७९ घनमीटर प्रवाह लागतो आणि नुकसान धरून छापील क्षमता १०५ ते ११० घनमीटर. आकडा लहान आहे, त्यामुळे छोटा पंखाही सहज पुरेल असे वाटते. आता त्यात १५० मिलिमीटरचा पंखा बसवला आणि तो खरोखर तासाला १०० घनमीटर हवा काढू पाहत आहे असे समजू. दरवाजा बंद आहे, तो सत्तर सेंटिमीटर रुंद आहे आणि खाली अर्ध्या सेंटिमीटरची फट आहे. एवढी हवा त्या फटीतून येण्यासाठी तिला सेकंदाला आठ मीटर वेगाने घुसावे लागेल. तशी ती घुसण्यासाठी आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाण्याच्या सुमारे दहा मिलिमीटर स्तंभाइतका कमी व्हायला हवा. घरगुती पात्यांच्या पंख्याला इतका दाबफरक निर्माण करता येत नाही. त्याची ताकद काही थोड्या मिलिमीटरपर्यंतच असते. परिणामी प्रवाह घटत जातो आणि शंभर घनमीटरच्या जागी त्याचा एखादा अंशच वाहतो.

हीच फट दोन सेंटिमीटर केली की वेग सेकंदाला दोन मीटरवर येतो. दाबफरक मिलिमीटरपेक्षाही कमी लागतो आणि तो पंख्याला सहज झेपतो. दरवाजाखाली दोन सेंटिमीटर जागा ठेवणे किंवा खालच्या भागात जाळीची झडप बसवणे हा उपाय अधिक मोठा पंखा आणण्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक असतो. उंबरा असलेल्या दरवाजात ही फट मुद्दाम ठेवावी लागते, आपोआप राहत नाही.

आत येणारी हवा कुठून येते, हेही पाहावे लागते. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर हवा खिडकीतून येऊन लगेच पंख्यातून बाहेर जाते. पंख्याचा प्रवाह पूर्ण भरतो, हिशोबातले हवाबदलही कागदावर पुरे होतात, आणि शेगडीवरचा धूर मात्र जागचा हलत नाही. वरच्या स्वयंपाकघरात पंखा ओट्यावरच्या खिडकीच्या वरच्या काचेत बसवला असेल तर त्या खिडकीची खालची झडप स्वयंपाकाच्या वेळी बंद ठेवावी आणि समोरचा दरवाजा उघडा ठेवावा. मग हवा दरवाजातून शिरून खोलीच्या पूर्ण लांबीतून ओट्यावरून जाते. पंखा छताजवळ असावा, कारण गरम हवा आणि धूर वर जातात.

पंख्याच्या पलीकडची बाजू

बाहेरची परिस्थितीही प्रवाह ठरवते. पंखा ज्या भिंतीत आहे तिच्यावर जोराचा वारा आदळत असेल तर तो पंख्याच्या विरुद्ध ढकलतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर पाण्याच्या सुमारे सहा मिलिमीटर स्तंभाइतका दाब देऊ शकतो. म्हणजे पंख्याच्या ताकदीच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाळ्यातला वारा प्रामुख्याने पश्चिम आणि नैऋत्य दिशेने येतो. तिथल्या उंच इमारतींत पश्चिमेकडच्या भिंतीत पंखा बसवला तर ऐन पावसाळ्यात तो उलट वाऱ्याशी झुंजत राहतो. बंद असताना तर त्याच भोकातून पाऊस आत येतो. पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत उपलब्ध असेल तर ती घ्यावी, नसेल तर वाऱ्याने आपोआप मिटणारी झडप बसवावी.

पावसाळ्यात हवाबदलांची दुसरी मर्यादाही उघड होते. बाहेरची हवाच ओलाव्याने भरलेली असली तर कितीही हवाबदल केले तरी बाथरूम त्या हवेपेक्षा कोरडे होऊ शकत नाही. अंघोळीची वाफ जाते, वास जातो, भिंतींवरचा बुरशीचा धोका कमी होतो. पण टॉवेल कोरडे होतील ही अपेक्षा तेवढ्यापुरती सोडावी लागते.

जुन्या आणि नव्या अनेक इमारतींत बाथरूमच्या खिडक्या सामाईक डक्टमध्ये उघडतात. तिथे एका घराचा पंखा डक्टमध्ये हवा टाकतो आणि डक्ट वरून मोकळा नसेल किंवा अरुंद असेल तर तीच हवा दुसऱ्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून आत जाते. अशा ठिकाणी प्रत्येक पंख्याला उलटी हवा अडवणारी झडप असणे आवश्यक आहे. हवा नळीतून लांब न्यायची असेल तर साधा पात्यांचा पंखा निवडूच नये. नळीची प्रत्येक वळणे आणि खडबडीत लवचीक पाइप दाब खातात. तिथे लांब नळीसाठी बनवलेला, जास्त दाब देणारा पंखा लागतो.

गॅस गिझर असलेल्या बाथरूमला हा हिशोब लावू नये. बंद दाराआड पंखा चालू केला की आतला दाब कमी होतो आणि गिझरच्या धुराड्यातून बाहेर जाणारा वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. गॅस गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

घनफळाची रीत कुठे फसते

या रीतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. खोली मोठी असेल तर तिच्यात घाणही त्या प्रमाणात जास्त तयार होईल, असे ती मानते. बैठकीच्या खोल्यांना हे थोडेफार लागू पडते, कारण मोठ्या खोलीत माणसेही जास्त बसतात. स्वयंपाकघराला ते लागू पडत नाही. शेगडी सर्वत्र तीच असते.

दोन बर्नरची शेगडी चालू असताना भांड्यात न शिरणारी सुमारे १ किलोवॉट उष्णता थेट खोलीत येते असे धरू. तासाला जितके घनमीटर हवा काढली जाते, त्या आकड्याने ३,००० या संख्येला भागले की १ किलोवॉट उष्णतेने हवा किती अंश तापेल ते अंदाजे मिळते. वरच्या स्वयंपाकघरात पंखा ३७५ घनमीटर हवा काढतो. तिथे तापमान सुमारे ८ अंश सेल्सिअस वाढते. आता सहा बाय पाच फुटांचे, नऊ फूट उंच असे छोटे स्वयंपाकघर घेऊ. त्याचे घनफळ २७० घनफूट, म्हणजे ७.६ घनमीटर. पंधरा हवाबदलांप्रमाणे तिथे तासाला ११५ घनमीटर पुरतात असे सूत्र सांगते. पण उष्णतेचा हिशोब केला तर तेवढ्या हवेत तापमान २६ अंशांनी वाढायला हवे. भिंती आणि स्लॅब बरीच उष्णता शोषतात, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ यापेक्षा कमी दिसते. तरीही तिथे स्वयंपाक करणारी व्यक्ती घामाघूम का होते, हे या आकड्यात दिसते. छोट्या स्वयंपाकघराला मोठ्याइतकीच हवा हवी, म्हणजे ३७५ घनमीटर. त्याच्या घनफळाने भागले तर हे तासाला जवळजवळ ५० हवाबदल होतात.

उलट टोकाला सोळा बाय बारा फुटांचे मोठे स्वयंपाकघर असेल तर घनफळ १,७२८ घनफूट, म्हणजे ४९ घनमीटर भरते. सूत्र तिथे ७३४ घनमीटर मागते आणि तापमानवाढ ४ अंशांवर येते. शेगडी तीच असल्यामुळे इतका मोठा पंखा तिथे आवश्यकच असेल असे नाही. म्हणून अनुभवी माणूस सूत्राच्या उत्तराला खालची मर्यादा घालतो. खोली कितीही लहान असली तरी शेगडी असेल तिथे तासाला तीनशे-साडेतीनशे घनमीटरच्या खाली जायचे नाही. बाथरूमच्या बाबतीत अमेरिकेतल्या अश्रे या संस्थेचे निवासी घरांसाठीचे मानक ६२.२ हाच विचार करते. त्यात अधूनमधून चालणाऱ्या बाथरूमच्या पंख्यासाठी ५० सीएफएम असा स्थिर आकडा आहे. बाथरूम छोटे असो की मोठे, अंघोळीतली वाफ तेवढीच असते.

सोयीसाठी केलेले काही ढोबळ नियमही घनफळ विसरायला लावतात. बाथरूमच्या दर चौरस फुटाला एक सीएफएम हा अमेरिकेतल्या एका पंखा-उत्पादक संघटनेचा नियम भारतातही उद्धृत होतो. तो आठ फूट उंचीचे छत आणि तासाला आठ हवाबदल यांवर बेतलेला आहे. आठ गुणिले आठ म्हणजे ६४, त्याला ६०ने भागले की जवळजवळ एक. छत दहा फुटांवर असेल तर तोच नियम हवाबदल साडेसहाच्याही खाली आणतो. उंची मोजण्याचा कंटाळा टाळणे हाच यावरचा उपाय आहे.

हॉलला जोडलेल्या मोकळ्या स्वयंपाकघरात ही रीत पूर्णच सोडावी लागते. दहा बाय आठच्या स्वयंपाकघराला वीस बाय बाराचा हॉल जोडला की घनफळ २,८८० घनफूट, म्हणजे ८१.६ घनमीटर होते. त्याला पंधराने गुणले तर तासाला १,२२४ घनमीटर हवा काढावी लागते, आणि एवढी काढूनही धूर आधी सोफ्यापर्यंत पोचतो. अशा घरात धूर पसरण्याआधीच शेगडीवर पकडावा लागतो. हे काम चिमणीचे असते, आणि तेही ती नळीने बाहेर जोडलेली असेल तरच. हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी तेल पकडते, वास कमी करते, पण हवाबदलांत तिचे योगदान शून्य असते.

बसवलेला पंखा तपासणे

हिशोब बरोबर होता का हे पंखा चालू करून पाहता येते. पहिली तपासणी अगरबत्तीने होते. दरवाजाखालच्या फटीशी धरलेला धूर आत ओढला गेला पाहिजे आणि शेगडीवर धरलेला धूर पंख्याकडे झुकला पाहिजे. फटीशी धूर जोरात आत जात असेल आणि शेगडीशी स्थिर उभा राहत असेल, तर प्रवाह पुरेसा आहे पण त्याची वाट चुकली आहे. दोन्ही ठिकाणी धूर स्थिर असेल तर हवा वाहतच नाही. अशा वेळी दरवाजा पूर्ण उघडून पुन्हा पाहावे. दरवाजा उघडताच पंख्याचा आवाज बदलला आणि धूर हलू लागला, तर दोष पंख्याचा नसून आत येणाऱ्या वाटेचा आहे. काहीच बदलले नाही तर झडप अडकली आहे का, जाळी तेलकट होऊन बुजली आहे का, वाऱ्याचा उलटा दाब आहे का, हे पाहावे लागते.

अचूक तपासणीसाठी हवेचा वेग मोजणारे छोटे ॲनिमोमीटर लागते. आठ इंची पंख्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३१ चौरस मीटर असते. तिथून तासाला ३७५ घनमीटर हवा जात असेल तर सरासरी वेग सेकंदाला ३.३ मीटर यायला हवा. पात्यांच्या टोकाजवळ वेग जास्त आणि मध्यभागी मोटरपाशी नगण्य असतो. म्हणून पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढावी लागते. एकाच जागचा आकडा घेतला तर उत्तर दीडपटीनेही चुकू शकते.

मोजलेला वेग नव्या पंख्याला ३.३ मीटर आणि सहा महिन्यांनी २.२ मीटर आला, तर प्रवाह एक तृतीयांशाने घटला आहे. तासाला १८ हवाबदलांचे १२ झाले आहेत आणि धूर निवळायला दहाऐवजी पंधरा मिनिटे लागतात. मोठा पंखा आणण्याआधी पाती आणि जाळी गरम साबणाच्या पाण्याने धुवून पुन्हा मोजावे. बहुतेक वेळा तेवढ्याने जुना आकडा बऱ्यापैकी परत येतो. तो आला नाही तरच मोटर, कपॅसिटर किंवा पुढच्या मोठ्या मापाचा विचार करायचा.